लग्न तोलेदोला आहे, तोलेदो माद्रिदजवळ आहे

स्पॅनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाची पहिली खरी अडचण उच्चारांची नसते. ती आपल्या साध्या ‘आहे’ची असते. मराठीत मी मराठी आहे, मी दमलो आहे, मी घरी आहे आणि लग्न उद्या आहे, या चारही वाक्यांना ‘आहे’ पुरतं. स्पॅनिश भाषा तिथे दोन क्रियापदं पुढे करते, सेर आणि एस्तार. ‘सेर’ची रोजची रूपं म्हणजे सोय (मी आहे), एस (तो, ती, ते आहे) आणि सोन (ते आहेत). ‘एस्तार’ची एस्तोय, एस्ता आणि एस्तान. ही रूपं तासाभरात पाठ होतात. पुढची कितीतरी वर्षं जातात ती कुठे कोणतं घालायचं, हे ठरवण्यात.

पाठ्यपुस्तकांत यासाठी गाळलेल्या जागांचे उतारे असतात. मी संध्याकाळच्या वर्गाला देतो तो उतारा इथे मांडतो, म्हणजे बोलायला हाताशी काहीतरी असेल. लुसीआ नावाची मुलगी मैत्रिणीला लिहिते आहे.

ओला! (१) ____ लुसीआ. (२) ____ एन्फेर्मेरा. मि ओस्पिताल (३) ____ एन माद्रिद. ओय (४) ____ कान्सादा. मान्याना (५) ____ ला बोदा दे मि एर्मानो. ला बोदा (६) ____ एन तोलेदो. तोलेदो (७) ____ सेर्का दे माद्रिद. मि एर्मानो (८) ____ उन चिको त्रांकिलो, पेरो ओय (९) ____ मुय नेर्बिओसो. ला कोमिदा (१०) ____ एन कासा दे मि तीआ. मि बेस्तिदो या (११) ____ लिस्तो.

अर्थ असा: मी लुसीआ आहे. मी नर्स आहे. माझं हॉस्पिटल माद्रिदमध्ये आहे. आज मी दमलेली आहे. उद्या माझ्या भावाचं लग्न आहे. लग्न तोलेदोला आहे. तोलेदो माद्रिदजवळ आहे. माझा भाऊ शांत मुलगा आहे, पण आज तो फार घाबरलेला आहे. जेवण माझ्या मावशीच्या घरी आहे. माझा ड्रेस तयार झाला आहे.

बहुतेक विद्यार्थी हा उतारा एकच नियम हातात धरून सोडवतात: कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम जगभर शिकवला जातो, कारण तो एका वाक्यात सांगता येतो. तो इमानदारीने लावून पाहा. हॉस्पिटल कायमचं, म्हणून तिसऱ्या जागी सेर. लग्न एका दिवसाचं, म्हणून पाचव्या आणि सहाव्या जागी एस्तार. तोलेदो शहर रोमन काळापासून तिथेच आहे, म्हणून सातव्या जागी सेर. जेवण दोन तासांचं, म्हणून दहाव्या जागी एस्तार. या पाचही जागा चुकतात. अकरापैकी पाच जागी जो नियम माणसाला पाडतो, तो नियम वर्गात शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उताऱ्याबाहेरही तो टिकत नाही. मेलेला माणूस कायमचाच मेलेला असतो, तरी स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात. तारुण्य सरतं, तरी ‘एस होबेन’ म्हणतात. दुपारचे तीन साठ मिनिटांत चार होतात, तरी ‘सोन लास त्रेस’.

मग खरं काय आहे? त्यासाठी दोन्ही क्रियापदांचं मूळ पाहायला हवं, आणि इथे मराठी वाचकाला एक जमेची बाजू आहे. ‘एस्तार’ आलं लॅटिनमधल्या ‘स्तारे’पासून, म्हणजे उभं असणं. हा ‘स्तारे’ आणि संस्कृतातला ‘स्था’ धातू सख्खे भाऊबंद आहेत. ‘सेर’च्या रूपांपैकी ‘एस’ हे लॅटिन ‘एस्त’मधून आलं. संस्कृत ‘अस्ति’ त्याच घराण्यातलं. (‘सेर’ची काही रूपं लॅटिनमध्ये ‘बसणं’ असा अर्थ असलेल्या दुसऱ्याच क्रियापदातून आली आहेत, ती गंमत वेगळी.) आता ‘स्था’पासून मराठीत आलेले दोन शब्द आठवा: स्थान आणि अवस्था. एस्तारची मुख्य कामं हीच दोन आहेत. वस्तू कुठे उभी आहे, आणि वस्तू कोणत्या अवस्थेत आहे. त्यात किती काळ, हा प्रश्नच नाही. तोलेदोचं स्थान हजारो वर्षं तेच राहिलं तरी ते स्थानच आहे. मृत्यू कधी संपत नसला तरी ती अवस्थाच आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये स्थानासाठी सेरही सर्रास चालायचं. पुढे एस्तारने ते काम आपल्याकडे ओढून घेतलं आणि दोघांच्या वाटण्या आजच्यासारख्या झाल्या.

हे मनात ठेवून उताऱ्याकडे परत येऊ.

पहिल्या दोन जागा ओळखीच्या आहेत आणि सगळ्यांत सोप्या आहेत. कोण? लुसीआ. काय करते? नर्स आहे. गाळलेल्या जागेनंतर नुसतं नाम आलं आणि ते कर्त्याची ओळख सांगत असलं, की सेरच. विद्यार्थी, शिक्षक, मराठी, कॅथलिक, माझी बहीण, या सगळ्या ओळखीच. आठवी जागा इथेच बसते. ‘शांत’ या विशेषणाकडे पाहून मुलं अडखळतात, पण वाक्यात ‘उन चिको’ आहे, म्हणजे ‘एक मुलगा’. त्या नामाने निकाल लावला. उन किंवा ऊना दिसलं, पुढे नाम दिसलं, की वेळ घालवू नका. एकच गोष्ट सांगून ठेवतो. एखादा मुलगा शिक्षण चालू असताना तात्पुरता वेटरचं काम करत असेल, तर स्पॅनिश माणूस ‘एस्ता दे कामारेरो’ असं म्हणतो. मध्ये ‘दे’ घातल्यामुळे ती त्याची ओळख राहत नाही, सध्याची परिस्थिती होते. गाळलेल्या जागेनंतर ‘दे’ आणि व्यवसाय दिसला तर वाक्य पुन्हा वाचा.

आता अवस्था. चौथी, नववी आणि अकरावी जागा. दमलेली, घाबरलेला, तयार झालेला. या शब्दांकडे मराठी कानाने पाहा. ‘लेला, लेली, लेलं’ हा प्रत्यय आपण तेव्हा लावतो, जेव्हा काहीतरी घडून गेलेलं असतं आणि त्याचा परिणाम समोर उरलेला असतो. उघडलेलं दार, भरलेला डबा, झोपलेलं मूल, तुटलेली खुर्ची, बसलेला माणूस, मेलेला उंदीर. या सगळ्यांना स्पॅनिशमध्ये एस्तार लागतं. एस्ता आबिएर्ता, एस्ता येनो, एस्ता दोर्मिदो, एस्ता रोता, एस्ता सेन्तादो, एस्ता मुएर्तो. तात्पुरतं की कायमचं, असं विचारण्यापेक्षा ‘मराठीत इथे लेला लावता येतो का?’ असं स्वतःला विचारावं. माझ्या वर्गात या एका प्रश्नाने मुएर्तोची कायमची भीती जाते.

पण या कसोटीलाही कुंपण आहे. ‘शिकलेला माणूस’ यात लेला आहे, तरी मराठीतच तो आता गुण झाला आहे. तसे शब्द स्पॅनिशमध्येही गुण म्हणून सेरकडे जातात. दुसरं म्हणजे, कोणी केलं हे वाक्यात आलं, तर पारडं फिरतं. ‘दार उघडं आहे’ हे ‘ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता’. पण ‘दार आनाने उघडलं’ हे कर्मणी वाक्य केलं, तर ‘ला पुएर्ता फुए आबिएर्ता पोर आना’, आणि हे ‘फुए’ सेरचं भूतकाळातलं रूप आहे. इथे दाराची अवस्था सांगितलेली नाही, घडलेली कृती सांगितली आहे. पुढे ‘पोर’ आणि माणूस दिसला, की एस्तारवरचा हात काढा.

लेला न लावता येणाऱ्या विशेषणांत खरी मजा आहे, कारण तिथे दोन्ही क्रियापदं चालतात आणि अर्थ बदलतो. ‘आना एस ग्वापा’ म्हणजे आना सुंदर आहे, ती तशीच आहे. ‘आना एस्ता ग्वापा’ म्हणजे आना आज छान दिसते आहे. सूपबद्दल ‘एस्ता रिका’ म्हटलं तर ते चवदार लागतंय. बाईबद्दल ‘एस रिका’ म्हटलं तर ती श्रीमंत आहे. मराठीने हा फरक ‘आहे’मध्ये ठेवलेला नाही, पण तो टाकूनही दिलेला नाही. आपण तिथे ‘दिसते’, ‘लागतंय’, ‘वाटतंय’ अशी दुसरी क्रियापदं वापरतो. म्हणून भाषांतर करताना ‘आहे’ ऐवजी यातलं एखादं क्रियापद आपोआप तोंडात आलं, तर ते एस्तारचं लक्षण समजावं. ‘बेर्दे’ म्हणजे हिरवा. ‘ला मान्सानो एस बेर्दे’ असं एका मुलाने लिहिलं होतं. लिंग चुकलं, ‘ला मान्साना’ हवं, पण क्रियापद बरोबर होतं, कारण त्याला हिरव्या जातीचं सफरचंद म्हणायचं होतं. केळ्यांबद्दल मात्र ‘लोस प्लातानोस एस्तान बेर्देस’ म्हटलं की अर्थ होतो केळी अजून कच्ची आहेत. ‘बिबो’ तसाच. ‘एस बिबो’ म्हणजे चलाख आहे, ‘एस्ता बिबो’ म्हणजे जिवंत आहे. आणि उताऱ्यातला ‘लिस्तो’? ड्रेसच्या बाबतीत तो फक्त तयार असू शकतो, कारण ड्रेस हुशार नसतो. कर्ता माणूस असता, तर ‘एस लिस्तो’ म्हणजे हुशार आणि ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तयार, असे दोन अर्थ निघाले असते.

इथे विद्यार्थी एका सापळ्यात अडकतात. ‘ओय’ (आज), ‘आओरा’ (आत्ता) हे शब्द दिसले की ते एस्तार घालतात आणि ‘सिएम्प्रे’ (नेहमी) दिसला की सेर. उताऱ्यात चौथ्या आणि नवव्या जागी ‘ओय’ने मदत केली, हे खरं. पण ‘माझे काका नेहमी आजारी असतात’ याचं स्पॅनिश ‘मि तीओ सिएम्प्रे एस्ता एन्फेर्मो’ असंच होतं. आजारपण नेहमीचं झालं म्हणून ते काकांचा गुण होत नाही. आणि ‘ओय एस लुनेस’, आज सोमवार आहे, यात ‘ओय’ असूनही सेर आहे. वेळ सांगणारा शब्द क्रियापद ठरवत नाही. पुढे आलेला शब्द ठरवतो.

राहिलं स्थान, आणि स्थानाच्या शेजारीच बसलेली घटना. उताऱ्याचा गाभा इथे आहे.

हॉस्पिटल माद्रिदमध्ये, तोलेदो माद्रिदजवळ. तिसरी आणि सातवी जागा एस्तार. तोलेदो माद्रिदपासून साधारण ७० किलोमीटरवर आहे आणि ते उद्या हलणार नाही, तरी एस्तार. माणूस, मांजर, किल्ली, डोंगर, देश, जे जागा व्यापतं त्याचं स्थान एस्तार सांगतं. गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज बोललं जातं, अशा विद्यार्थ्यांनी इथे जास्त सावध राहावं. पोर्तुगीजमध्येही सेर आणि एस्तार आहेत, पण न हलणाऱ्या इमारतींच्या जागेसाठी तिथे सेर चालतं. तेच स्पॅनिशमध्ये चूक ठरतं.

मग लग्नाला सेर का? लग्न तोलेदोला आहे, हे वाक्य दिसायला ‘तोलेदो माद्रिदजवळ आहे’ यासारखंच दिसतं. पण लग्न कुठे उभं नसतं. ते घडतं. मराठीत हे तपासायची अगदी साधी रीत आहे: ‘आहे’ काढून ‘होणार आहे’ घाला. ‘लग्न तोलेदोला होणार आहे’, वाक्य उभं राहिलं. ‘तोलेदो माद्रिदजवळ होणार आहे’, वाक्य कोसळलं. जिथे ‘होणार आहे’ किंवा ‘झालं’ बसतं, तिथे घटना आहे, आणि घटना कुठे आहे हे स्पॅनिशमध्ये सेरने सांगतात. सभा, परीक्षा, मैफल, पार्टी, फुटबॉलचा सामना, अंत्ययात्रा, सगळ्यांना हाच न्याय. पाचवी जागा स्थानाची नाही, ती ‘उद्या काय आहे’ याचं उत्तर आहे, पण तिथेही ‘उद्या लग्न होणार आहे’ म्हणता येतं आणि सेरच येतं.

दहावी जागा मला सर्वांत आवडते, कारण तिथे मराठी आणि स्पॅनिश एकाच वळणाने चालतात. ‘कोमिदा’ म्हणजे जेवण, आणि मराठी ‘जेवण’ या शब्दासारखेच त्याचे दोन अर्थ आहेत. एक पानात वाढलेलं अन्न, दुसरा पंगत, म्हणजे जेवणाचा कार्यक्रम. ‘जेवण टेबलावर आहे’ म्हटलं, तर ते अन्न आहे: ‘ला कोमिदा एस्ता एन ला मेसा’. ‘जेवण मावशीकडे आहे’ म्हटलं, तर तो कार्यक्रम आहे: ‘ला कोमिदा एस एन कासा दे मि तीआ’. ‘जेवण टेबलावर होणार आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘जेवण मावशीकडे होणार आहे’ असं आपण रोज म्हणतो. परीक्षेचंही तसंच. आपण ‘पेपर’ हा शब्द दोन्हीसाठी वापरतो, स्पॅनिशमध्ये ‘एक्सामेन’ दोन्हीसाठी. पेपर तीन नंबरच्या खोलीत आहे, म्हणजे परीक्षा तिथे होणार आहे: ‘एल एक्सामेन एस एन एल आउला त्रेस’. पेपर खणात आहे, म्हणजे कागद तिथे ठेवला आहे: ‘एल एक्सामेन एस्ता एन एल काहोन’.

यामुळेच गाळलेल्या जागांच्या प्रश्नसंचांवर माझा एक गंभीर आक्षेप आहे. एका जुन्या संचात मी ‘ला कोमिदा ____ एन कासा दे आना’ एवढंच वाक्य पाहिलं होतं आणि शेवटी दिलेल्या उत्तरात फक्त ‘एस’ होतं. पण आनाच्या घरी डबा पोचवून आलेला माणूस ‘एस्ता’ म्हणेल आणि तो चुकणार नाही. आधीचं-नंतरचं वाक्य दिलं नाही, तर या जागेला एकच उत्तर असू शकत नाही. लुसीआच्या उताऱ्यात लग्नाचा संदर्भ आहे, मावशीकडे पंगत असणार हे वाचकाला कळतं, म्हणून तिथे ‘एस’ निश्चित आहे.

याच वर्गातला ‘कासादो’ हा शब्द, म्हणजे विवाहित. ‘एस्ता कासादो’ आणि ‘एस कासादो’ दोन्ही बरोबर आहेत. स्पेनमध्ये पहिलं जास्त ऐकू येतं. वैवाहिक दर्जा सांगताना, विशेषतः लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत, दुसरंही सहज वापरतात. ‘आनाशी विवाहित’ असं म्हणायचं असेल, ‘कासादो कोन आना’, तर मात्र एस्तारच शोभतं. एका विद्यार्थिनीने ‘एल ____ कासादो’ इथे ‘एस’ लिहिलं, आणि एका परीक्षेत तिचा गुण कापला गेला. ती नंतर माझ्याकडे आली तेव्हा मला तिला सांगावं लागलं की तू चुकली नव्हतीस.

आणखी एक जागा ओळखून ठेवावी, जिथे सेरही नाही आणि एस्तारही नाही. ‘टेबलावर एक पुस्तक आहे’ या वाक्यात पुस्तकाची पहिल्यांदा वार्ता लागते. स्पॅनिश तिथे ‘आय’ हे तिसरंच रूप वापरते: ‘एन ला मेसा आय उन लिब्रो’. ‘पुस्तक टेबलावर आहे’, म्हणजे ज्याबद्दल आपण बोलत होतो ते पुस्तक, तर ‘एल लिब्रो एस्ता एन ला मेसा’. मराठीत हा फरक शब्दांच्या क्रमाने कळतो, स्पॅनिशमध्ये क्रियापदाने. स्थानाच्या गाळलेल्या जागेपुढे उन किंवा ऊना आणि अनोळखी वस्तू असेल, तर आधी ‘आय’ आठवा.

आता उताऱ्याची उत्तरं पूर्ण करतो: सोय, सोय, एस्ता, एस्तोय, एस, एस, एस्ता, एस, एस्ता, एस, एस्ता.

प्रश्नसंच काढणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. गाळलेली जागा एकट्या वाक्यात ठेवू नका, तिच्या आगेमागे निदान एक वाक्य द्या. आणि जिथे दोन्ही क्रियापदं बसतात, तिथे दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्या.